पीसी ड्रिपर असूनही उतारावर पाणी कमी-जास्त पडतंय? आधी वरच्या टोकाचं प्रेशर मोजा

गोडी छाटणीनंतर द्राक्षबाग मणी फुगवणीत आली की दिंडोरी, चांदवड भागातल्या उताराच्या प्लॉटमधून ही तक्रार हमखास येते. वरच्या बाजूच्या वेली फुगवणीत मागे पडलेल्या असतात, खालच्या बाजूला वाफसाच होत नाही आणि पानं पिवळी पडायला लागतात. सोबत एक वाक्य ठरलेलं असतं: "साधे ड्रिपर काढून पीसी टाकले, पैसे जास्त मोजले, तरी फरक का?" मग ॲसिड सोडलं जातं, क्लोरीन सोडलं जातं, नळ्या फ्लश होतात. आठ दिवसांनी परिस्थिती तीच.

बहुतेक वेळा ड्रिपर खराब नसतो. तो ज्या प्रेशरला काम करायला बनवलाय, ते प्रेशर त्याच्यापर्यंत पोहोचतच नसतं. हे कसं ओळखायचं आणि काय करायचं, ते दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेचं उदाहरण घेऊन सविस्तर सांगतो.

पीसी ड्रिपर आत नेमकं काय करतो

साध्या ड्रिपरमध्ये पाणी नागमोडी वाटेनं फिरतं आणि बाहेर पडतं. वाट ठरलेली, त्यामुळे प्रेशर वाढलं की पाणी वाढतं. पीसी, म्हणजे प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपरमध्ये त्या वाटेसोबत सिलिकॉन रबरचा एक पातळ पडदा असतो. नळीतलं प्रेशर पडद्याच्या एका बाजूनं दाबतं, आणि नागमोडी वाटेतून आलेलं, जोर कमी झालेलं पाणी दुसऱ्या बाजूला असतं. नळीत प्रेशर जितकं जास्त, तितका पडदा बाहेर जाणाऱ्या खाचेवर वाकतो आणि वाट अरुंद करतो. ढकलणारा जोर वाढला, तसा अडथळाही वाढला, म्हणून बाहेर पडणारं पाणी तेवढंच राहतं.

कंपनीच्या माहितीपत्रकात हे एका सूत्रात दिलेलं असतं:

```
q = k × H^x
```

q म्हणजे ड्रिपरचा प्रवाह, H म्हणजे प्रेशर, k हा त्या ड्रिपरचा ठरलेला आकडा. पाहायचा तो x. साध्या नागमोडी ड्रिपरचा x अर्ध्याच्या आसपास असतो, म्हणजे प्रेशर चौपट झालं तर पाणी दुप्पट. चांगल्या पीसी ड्रिपरचा x शून्याच्या जवळ असतो, म्हणजे प्रेशर बदललं तरी पाणी जवळपास तेवढंच.

पण हा शून्याजवळचा x एका ठरावीक पट्ट्यातच खरा असतो. काही ड्रिपर अर्धा किलो प्रेशरपासून काम सुरू करतात, काही एक किलोपासून, आणि वरची मर्यादा साधारण साडेतीन-चार किलोपर्यंत असते. खालच्या मर्यादेच्याही खाली प्रेशर गेलं तर पडदा पुरेसा वाकतच नाही आणि तो महागडा ड्रिपर साध्या ड्रिपरसारखा वागतो. पीसी ड्रिपर जादा प्रेशर आतल्या आत जिरवू शकतो, कमी पडलेलं प्रेशर भरून काढू शकत नाही. उतारावरच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

त्या बागेचा हिशोब

विहीर खाली, बाग वर टेकाडाच्या उतारावर. जमीन मुरमाड. दोन ओळींत नऊ फूट अंतर, एकूण तीस ओळी. सबमेन प्लॉटच्या वरच्या बांधाला, तिथून 16 एमएमच्या इनलाईन नळ्या उतारानं खाली, प्रत्येक 120 मीटर लांब. ड्रिपर दर 60 सेंटिमीटरला, ताशी 2 लिटरचे, काम करण्याचा पट्टा एक ते चार किलो. नळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत जमीन 12 मीटर खाली उतरते.

मालकांचं म्हणणं असं होतं, "भाऊ, गेज अडीच किलो दाखवतंय, अजून किती प्रेशर पाहिजे?"

गेज खरंच अडीच दाखवत होतं आणि तेही फिल्टरच्या पुढचं. पण ते गेज विहिरीजवळ हेड युनिटवर होतं. तिथून सबमेन 14 मीटर उंच. पाणी दर 10 मीटर वर चढवायला एक किलो प्रेशर खर्च होतं, म्हणजे 14 मीटरला 1.4 किलो गेले. मेन लाईन 63 एमएमची, जवळपास दीडशे मीटर, आणि तीस ओळी एकदम चालू म्हणजे ताशी 12,000 लिटर पाणी. मेन, व्हॉल्व्ह आणि सबमेन मिळून घर्षणात आणखी अर्धा किलो गेला. नळीच्या तोंडाशी उरलं 0.6 किलो. ड्रिपरला हवं होतं किमान एक.

आता उतारानं खाली येताना प्रेशर वाढतं की नाही? वाढतं. 12 मीटर उताराचे 1.2 किलो मिळतात. त्यातून नळीतल्या घर्षणाचे साधारण 0.3 किलो वजा करा. शेवटच्या ड्रिपरला 1.5 किलो मिळतं, तो व्यवस्थित चालतो. पण घर्षण नळीभर सारखं नसतं. सुरुवातीला नळीतून दोनशे ड्रिपरचं पाणी धावत असतं, शेवटी एकाचंच. त्यामुळे उतारानं मिळालेलं बरंचसं प्रेशर पहिल्या भागात घर्षणच खाऊन टाकतं. या नळीत एक किलोचा टप्पा गाठायला साधारण निम्मी नळी पार करावी लागत होती. वरची अर्धी बाग पीसी असून नसल्यासारखी.

मोजायचं कसं

डोळ्यांनी हा फरक कळत नाही. मिनिटाला 33 मिली आणि 26 मिली ठिबकताना सारखेच दिसतात. म्हणून मोजमाप हवंच, आणि ते अवघड नाही.

ताशी 2 लिटरच्या ड्रिपरनं तीन मिनिटांत 100 मिली पाणी द्यायला हवं. हा आकडा लक्षात ठेवला की झालं. पंप सुरू करून नळ्या भरू द्या, हेडचं गेज स्थिर होऊ द्या, मग मेजरिंग सिलिंडर घेऊन एकाच नळीवर चार जागी मोजा: सुरुवातीला, पाव अंतरावर, मध्यावर आणि शेवटी. प्रत्येक जागी शेजारशेजारचे दोन-तीन ड्रिपर मोजून सरासरी घ्या, म्हणजे एखादा तुंबलेला ड्रिपर फसवणार नाही.

उतारावर इथे एक चूक फार होते. तारेला बांधलेल्या इनलाईन नळीवर वरच्या ड्रिपरचं पाणी खाली न पडता नळीच्या पोटाला चिकटून पुढे सरकतं आणि खालच्या ड्रिपरपाशी टपकतं. मग वरचा ड्रिपर कमी आणि खालचा जास्त दाखवतो, आणि आपण भलताच निष्कर्ष काढतो. जो ड्रिपर मोजायचा, त्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला सुतळीचा एकेक घट्ट वेढा द्या. वरच्या वेढ्यापाशी मागून येणारं पाणी गळून पडतं, खालच्या वेढ्यापाशी त्या ड्रिपरचंच पाणी सिलिंडरमध्ये येतं.

या बागेत वरपासून खाली आकडे असे आले: 78, 85, 97 आणि 101 मिली. तुंबलेल्या ड्रिपरचे आकडे असे येत नाहीत. तुंबणं असलं की एक 40, शेजारचा 100, पुढचा 70 असा विस्कळीत प्रकार असतो. उतारासोबत पायरीपायरीनं वाढत जाणारे आकडे म्हणजे प्रेशरचाच प्रश्न. अशा ठिकाणी ॲसिड सोडून काहीही साधत नाही. शंभराच्या अलीकडे-पलीकडे पाच मिलीचा फरक मात्र सोडून द्या. नव्या ड्रिपरमध्येही बनावटीतला तेवढा फरक असतो.

खात्रीसाठी प्रेशर प्रत्यक्ष मोजा. सबमेनच्या व्हॉल्व्हपुढे गेज लावायची सोय करून घ्या. नळीच्या शेवटी एंड कॅप काढून तिथे गेज बसवता येतं. टोक एरवीही बंदच असतं, त्यामुळे वाचन बिघडत नाही. हेडचं गेज पंप आणि फिल्टर ठीक आहेत का ते सांगतं. ड्रिपरला काय मिळतंय ते सांगत नाही.

सगळ्यात कमी प्रेशर नेहमी वरच्या टोकालाच असेल असंही नाही. इथे उतार दहा टक्के होता, म्हणून पहिल्या मीटरपासूनच प्रेशर वाढत गेलं. हीच नळी दोन-तीन टक्क्यांच्या मंद उतारावर असती, तर सुरुवातीच्या भागात घर्षण उतारापेक्षा जास्त भरलं असतं. प्रेशर आधी घसरलं असतं आणि पुढे कुठेतरी सर्वात खाली जाऊन मग वाढलं असतं. अशा प्लॉटमध्ये दोन्ही टोकं छान आणि मधल्या वेली कोरड्या असं दिसतं. म्हणूनच चार जागी मोजायचं.

इलाज काय केला

पहिला विचार मोठ्या पंपाचा होता. तो मी तरी शेवटी ठेवतो. आधी सेक्शनचं पाणी कमी करून पाहावं. सबमेनला पाणी मधोमध मिळत होतं, तिथे दोन्ही हातांना स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवले आणि पंधरा-पंधरा ओळींचे दोन सेक्शन केले. मेनमधून धावणारं पाणी निम्मं झालं की घर्षण निम्मं होत नाही, जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतं. अर्ध्या किलोचं नुकसान 0.15 किलोच्या आत आलं. शिवाय पाणी कमी उचलायचं म्हणून पंपाचं प्रेशरही वाढलं, हेडचं गेज पावणेतीनपर्यंत गेलं. त्यातून चढाचे 1.4 किलो आणि घर्षण वजा जाऊन नळीच्या तोंडाशी 1.2 किलो मिळायला लागलं.

आता वरचा ड्रिपर 100 मिली आणि खालचा 101. खालच्या टोकाला प्रेशर 2.1 किलोपर्यंत गेलं, म्हणजे वरच्या जवळपास पावणेदोन पट, तरी पाणी तेवढंच. साधे ड्रिपर असते तर याच प्रेशरला खालच्या वेलीला वरच्यापेक्षा तीस टक्क्यांच्या वर जास्त पाणी गेलं असतं. पीसीला मोजलेले पैसे इथे वसूल होतात, पण वरच्या टोकाला किमान प्रेशर पोहोचवलं तरच.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. दोन सेक्शन म्हणजे पंप दुप्पट तास. वीज पाळीनं येते, तेव्हा बाकीच्या प्लॉटचं वेळापत्रक आधी बसवून पाहा. तास पुरतच नसतील तर मेन जाड करणं हा पुढचा पर्याय, आणि त्यानंतर पंप.

पंप बंद झाल्यावर खाली साचणारं पाणी

एवढं करूनही खालच्या टोकाचा ओलावा पूर्ण गेला नव्हता. कारण ते पाणी पंप चालू असतानाचं नव्हतंच. 120 मीटर नळीत साधारण 18 लिटर पाणी मावतं. पंप थांबला की ते उतारानं खाली येतं आणि खालच्या ड्रिपरमधून निघत राहतं. वर सबमेनमधलं पाणीही त्यात भर घालतं. सगळ्यात खालच्या ड्रिपरला प्रत्येक वेळी अर्धा ते पाऊण लिटर जादा मिळतं, वर जाताना ते भरभर कमी होत जातं.

हा आकडा छोटा वाटेल, पण पाणी कसं देता त्यावर सगळं आहे. मुरमाड जमीन पाणी धरत नाही म्हणून इथे सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास पाणी दिलं जात होतं. अर्ध्या तासात ड्रिपर देतो एक लिटर. खालच्या वेलीला त्यावर निम्म्याहून जास्त भर, आणि वरची वेल तेव्हा पाऊण लिटरवर. म्हणजे दुपटीचा फरक, विद्राव्य खतासकट. तेच पाणी एका दमात तीन तास दिलं तर सहा लिटरवर ही भर दहा टक्क्यांच्या आसपास राहते. मुरमाड जमिनीत तीन तास फार होतात. म्हणून तिथे दोन वेळचं पाणी एकत्र करून रोज एकदाच एक तास असं ठरवलं. खालचा चिखल बराच कमी झाला.

नो-ड्रेन प्रकारचे ड्रिपर टाकले की हा प्रश्न मिटतो असं सर्रास सांगितलं जातं. सपाट किंवा मंद उतारावर ते खरं आहे. पण असा ड्रिपर बंद होतो तो प्रेशर 0.12 ते 0.15 किलोच्या खाली उतरल्यावर, म्हणजे डोक्यावर दीड मीटरपेक्षा कमी पाणी उरल्यावर. दहा टक्के उतारावर दीड मीटर म्हणजे फार तर 15 मीटर नळी. उरलेल्या शंभर मीटरमधलं पाणी खाली येणारच. नवीन लागण करणार असाल तर ओळी आणि नळ्या उताराला आडव्या, समपातळीत घ्या. तिथे नो-ड्रेन ड्रिपर पूर्ण कामाला येतो. उभ्या उतारावर मांडव आधीच उभा असेल, तर उताराच्या मध्यावर दुसरी सबमेन टाकून नळ्या निम्म्या करता येतात. खाली येणारं पाणीही निम्मं होतं, फक्त पाईप, व्हॉल्व्ह आणि चारीचा खर्च येतो.

याच उताराची आणखी एक बाजू आहे. पाणी खाली ओढलं जाताना नळीच्या वरच्या भागात पोकळी होते आणि वरचे ड्रिपर हवा आत ओढतात. नळी जमिनीला टेकलेली असेल तर हवेसोबत माती आणि चिखलही आत जातो. वरच्याच बाजूचे ड्रिपर वारंवार तुंबत असतील तर सबमेनच्या सर्वात उंच जागी एअर व्हॉल्व्ह आहे का पाहा. हवा बाहेर सोडणारा आणि पंप थांबल्यावर आत घेणारा, असा दोन्ही कामांचा हवा. नसेल तर तो बसवल्याशिवाय वरची बाजू साफ करत बसण्यात अर्थ नाही.

पडदाच गेला असेल तर

साधा ड्रिपर खराब झाला की बहुधा पाणी कमी देतो. पीसी ड्रिपरचा पडदा गेला तर तो बऱ्याचदा जास्त देतो, म्हणून हे लवकर लक्षात येत नाही. पडदा ताठर होणं, पडद्याखाली कण अडकून तो वर उचललेला राहणं, वर्षानुवर्षं जास्त मात्रेत क्लोरीन सोडणं, किंवा तेलकट औषधं नळीतून देणं, ही नेहमीची कारणं.

ओळखायची रीत अशी. शंका असलेला ड्रिपर दोन वेगळ्या प्रेशरला मोजा, मात्र दोन्ही त्याच्या पट्ट्यातली हवीत. सबमेनचा व्हॉल्व्ह थोडा दाबून आधी 1.2 किलोला, मग उघडून 2 किलोच्या पुढे. गेज त्या ड्रिपरच्या जवळ हवं. चांगला ड्रिपर दोन्ही वेळा शंभरच्या आसपास देईल. दुसऱ्या वेळी पाणी 25 ते 30 टक्क्यांनी वाढलं तर पडदा काम करत नाही. असे ड्रिपर विखुरलेले असतील तर आधी शेवटची टोकं उघडून जोरात फ्लश करा, अडकलेला कण निघून जाण्याची शक्यता असते. फ्लश करूनही एका नळीतले बरेच ड्रिपर तसेच राहिले, तर ती नळी बदला. इनलाईन ड्रिपर उघडून साफ करता येत नाही.

सबमेन खाली आणि नळ्या चढावर असतील तर

विहिरीजवळ सबमेन टाकून नळ्या वर चढवलेल्या बागाही आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिथे चढ आणि घर्षण दोन्ही एकाच बाजूला वजा होतात. वरचीच नळी उलटी धरली तर चढाचे 1.2 आणि घर्षणाचे 0.3 मिळून दीड किलो जातात. वरच्या शेवटच्या ड्रिपरला एक किलो हवं असेल तर खाली नळीच्या तोंडाशी अडीच किलो लागतं. पीसी ड्रिपर अडीच किलोला खालीही तेवढंच पाणी देतो, तिथे अडचण नाही. अडचण नळीची असते. पातळ जाडीची जुनी नळी अडीच किलोला ग्रोमेटपाशी सुटते किंवा फुटते. प्रेशर वाढवण्याआधी नळीवर छापलेला वर्ग पाहा आणि तेवढं प्रेशर ती सोसेल का ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. सोसत नसेल तर सबमेन वरच्या बांधाला हलवणं, हाच स्वस्त पडणारा मार्ग आहे. मोजणी ऑक्टोबरची छाटणी होण्याआधी करून घ्या.